भोपळ्याच्या बिया भाजताना: भिजवणं, वाळवणं आणि मंद आच

लाल भोपळ्याच्या बिया घरी भाजल्या की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "वरून काळ्या पडल्या आणि आतून चामटच राहिल्या." दुसरी, "एवढं मीठ घातलं, ते सगळं कढईतच राहिलं." दोन्ही वेळा दोष गॅसला दिला जातो, पण काम त्याआधीच बिघडलेलं असतं. बी ओली असेल तर तिच्यातलं पाणी उडून जाईपर्यंत आतला मगज भाजला जातच नाही, तो वाफेवर शिजत राहतो. तेवढ्या वेळात कढईला टेकलेलं टरफल मात्र करपतं. मिठाचंही तसंच. कोरड्या, गुळगुळीत टरफलावर मीठ धरत नाही, ते पाण्यातून आत जावं लागतं.

खाली दिलेली पद्धत घरच्या भोपळ्यातून निघालेल्या, टरफलासकटच्या पांढऱ्या बियांची आहे. दुकानात मिळणाऱ्या सोललेल्या हिरव्या बियांना भिजवणं वगैरे काही लागत नाही. त्या मंद आचेवर ४-५ मिनिटं परतल्या की फुगतात आणि काम संपतं. कलिंगडाच्या बियांचं थोडं वेगळं आहे, ते शेवटी सांगते.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून माझ्या एका खेपेची वजनं सोबत देत जाते. घारग्यांसाठी अडीच किलोचा पिकलेला भोपळा आणला होता. त्यातून धुऊन, निवडून दीड वाटी बिया निघाल्या.

## १. बिया काढणं आणि निवडणं

भोपळा जून, पिकलेला हवा. साल कडक आणि आतला गर गडद केशरी असेल तर बिया भरलेल्या निघतात. कोवळ्या भोपळ्याच्या बिया चपट्या असतात. त्यांत मगज धरलेलाच नसतो, त्या कितीही भाजल्या तरी तोंडात नुसता चोथा येतो.

भोपळा कापला की मधला जाळीदार भाग हाताने किंवा मोठ्या चमच्याने खरवडून पातेल्यात घ्या आणि बिया त्याच दिवशी धुवा. जाळीसकट रात्रभर ओट्यावर राहिल्या तर त्या आंबतात, आणि तो वास भाजल्यावरही जात नाही. त्या दिवशी जमणार नसेल तर डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं.

निवडताना एक चूक फार होते. "पाण्यात तरंगणारी बी पोचट" हा धान्याचा नियम इथे लावू नका. भोपळ्याच्या चांगल्या, भरलेल्या बियाही तरंगतात. त्या नियमाने निवडायला गेलात तर निम्म्याहून जास्त माल फेकून द्याल. बी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून मधोमध दाबा. भरलेली बी टणक लागते, पोचट बी कागदासारखी दबते. दबणाऱ्या बाजूला काढा.

सावधान: भोपळ्याचा गर किंवा बी कडू लागली तर भोपळा आणि बिया दोन्ही टाकून द्या. भोपळा, दुधी, काकडी यांच्या कुळात कडूपणा म्हणजे पोटाला त्रास देणारं द्रव्य असतं, आणि ते भाजून जात नाही. पेरणीसाठी मिळणाऱ्या पाकिटातल्या बिया तर कधीच भाजू नका. त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं.

## २. धुणं: चिकटपणा जाईपर्यंत

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, बिया जाळीसकट त्यात सोडा आणि दोन्ही तळहातांमध्ये चोळत राहा. रेषा खाली बसतात किंवा हाताला लागतात, बिया वर येतात. त्या चाळणीने काढून घ्या. पाणी बदलून हे तीन वेळा करा.

रेषा निघाल्या की लोक थांबतात. पण बीवर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, शेवाळासारखा बुळबुळीत. तो राहिला तर दोन गोष्टी होतात. बिया वाळताना एकमेकींना आणि कापडाला चिकटतात. आणि भाजताना तोच पापुद्रा सगळ्यात आधी तपकिरी होऊन करपट चव देतो. म्हणून शेवटच्या पाण्याआधी बिया चाळणीत घ्या, त्यावर चमचाभर जाडं मीठ टाका आणि मिनिटभर चोळा. पापुद्रा सुटून येतो. मग वाहत्या पाण्याखाली धुवा.

तपासा: एक बी बोटांत धरा. ती निसटत असेल तर अजून धुवायला हवी. बोटाला टरफल खरखरीत लागलं की झालं.

## ३. मिठाच्या पाण्यात उकळणं आणि मुरवणं

रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत चुकीची नाही, पण आपल्याकडच्या उकाड्यात पाण्याला सकाळी आंबूस वास येतो. भिजवायचंच असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा. मी उकळूनच घेते. उकळल्याने वेळ वाचतो आणि टरफलातले धागे थोडे मऊ पडतात. ही बी टरफलासकट चावून खायची असेल तर हा फरक दाताला कळतो.

दीड वाटी बियांना तीन वाट्या पाणी आणि दीड मोठा चमचा मीठ, म्हणजे पोह्याचा चमचा असेल तर साधारण तीन चमचे. पाणी चाखलं तर समुद्राच्या पाण्याहून खारट लागेल. घाबरू नका, बहुतेक मीठ पाण्याबरोबरच ओतलं जाणार आहे. उपासासाठी करायच्या असतील तर शेंदेलोण घ्या. हळद घालायची असेल तर ती आत्ता, पाव चमचा. नंतर घातलेली हळद कच्ची लागते.

पाण्याला उकळी आली की बिया घाला आणि आच कमी करून १० मिनिटं खदखदू द्या. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि बिया त्याच पाण्यात तास-दोन तास राहू द्या. हा मुरण्याचा वेळ सोडू नका. पाणी गार होताना मीठ आतपर्यंत जातं. लगेच उपसलेल्या बियांत ते टरफलापाशीच थांबतं.

तपासा: एक बी सोलून आतला मगज चाखा. ओला मगज हलकासा खारट लागला पाहिजे. भाजल्यावर पाणी उडून हाच खारटपणा वाढतो, म्हणून आत्ता "अगदी बरोबर" वाटला तर शेवटी जास्त होईल. तसं वाटलं तर साध्या पाण्यातून एकदा झरकन काढून घ्या.

## ४. वाळवणं, जिथे बहुतेकांचं चुकतं

बिया चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या. मग सुती कापडावर किंवा जुन्या धुतलेल्या पंच्यावर पसरा. एका बीवर दुसरी यायला नको. कागदी रुमाल वापरू नका. ओल्या बिया त्याला चिकटतात आणि नंतर कागदाचे कपटे सोलत बसावं लागतं.

पंख्याखाली ६ ते ८ तास, म्हणजे संध्याकाळी पसरल्या तर सकाळी तयार. कडक उन्हात ३-४ तास पुरतात. दर दोन तासांनी हात फिरवून उलटा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पंख्याखाली रात्रभर ठेवूनही बिया दमट राहतात. तिथे ओटीजी ८०-९० अंशांवर ठेवून, दार चमच्याने किंचित उघडं धरून ४० मिनिटं वाळवा. ओटीजी नसेल तर कढई अगदी मंद आचेवर ठेवून १०-१२ मिनिटं परता आणि ताटात काढून पूर्ण गार होऊ द्या. भाजणं त्यानंतर, वेगळं. मध्ये गार होऊ देण्याचं कारण असं की आतली ओल हळूहळू टरफलाकडे येते. दुसऱ्यांदा कढईत गेल्यावर ती लवकर निघून जाते.

माझ्या त्या दीड वाटी बिया निथळल्यावर १६० ग्रॅम भरल्या. पंख्याखाली रात्रभर राहून सकाळी ११८ ग्रॅम झाल्या. भाजून झाल्यावर ९० ग्रॅम. म्हणजे एकूण ७० ग्रॅम पाणी गेलं, त्यातलं ४२ ग्रॅम एकट्या पंख्याने काढलं. हेच पाणी कढईत काढायला गेलं तर अर्धा तास तरी जातो, आणि तेवढ्या वेळात टरफल काळं होतं. घरी वजनकाटा असेल तर निथळल्यावर आणि वाळल्यावर वजन करून पाहा. वजन पाव भागाने उतरलं की भाजायला घ्यायला हरकत नाही.

तपासा: काटा नसेल तर मूठभर बिया ओंजळीत घेऊन हलवा. वाळलेल्या बियांचा खुळखुळ असा कोरडा आवाज येतो, ओल्या बिया आवाज न करता एकमेकींवरून घसरतात. टरफलावर मिठाची पांढरट भुकटी दिसायला लागली असेल तर उत्तमच.

सावधान: वाळवायला ठेवून दोन-तीन दिवस विसरू नका. दमट हवेत बियांना कुबट वास धरतो, टोकांशी करडे-काळे ठिपके येतात. ती बुरशी असते. अशा बिया भाजून चालत नाहीत, टाकाव्या लागतात.

## ५. भाजणं

### कढईत

जाड बुडाची लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. पातळ ॲल्युमिनियमची नको, तिच्यात मधोमध एकच जागा तापते. तेल लागत नाही. एका वेळी एवढ्याच बिया घ्या की कढईच्या बुडाला एक, फार तर दीड थर होईल. माझ्या खेपेच्या दीड वाटी बिया मी दोन घाण्यांत भाजल्या.

कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं तापवा, बिया घाला आणि लगेच आच मंद करा. पहिली ४-५ मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. याच वेळी हात शिवशिवतो आणि आच वाढवली जाते. वाढवू नका. उरलेली ओल आत्ता निघत असते. कढईवर तळहात धरलात तर दमट वाफ लागेल. झाकणही ठेवू नका, ती वाफ पुन्हा बियांवरच पडते.

सहाव्या-सातव्या मिनिटापासून एखाददुसरी बी तडतडते आणि उडी मारते. आतली वाफ टरफल फोडून बाहेर पडते, त्याचा हा आवाज. इथून पुढे उलथनं थांबवायचं नाही. बुडापासून वर, कडेकडून मध्ये, सतत. तडतड वाढते, मग कमी होत जाते. टरफल पांढऱ्यावरून फिकट बदामी होतं, आणि स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास सुटतो. नीट वाळलेल्या बियांना एकूण १२ ते १५ मिनिटं लागतात.

टरफलाच्या रंगावर मात्र पूर्ण विसंबू नका. हळद घातलेली बी आधीच पिवळी असते, आणि लोखंडी कढईत कडा आधी गडद दिसतात. दहाव्या मिनिटाला कढईतल्या तीन वेगवेगळ्या जागांवरून एकेक बी काढा, दोन मिनिटं गार होऊ द्या आणि मधोमध मोडा. मोडताना वाकली तर ओल आहे. कट्‌कन तुटली तर आत बघा. मगजाचा तुटलेला भाग फिकट पिवळसर ते हलका सोनेरी हवा. आतून तपकिरी झाला असेल तर वेळ निघून गेली, ती चव कडवट होते. बियांमध्ये तेल भरपूर असतं, म्हणून सोनेरीवरून तपकिरीवर जायला मिनिटभरही पुरतं.

गॅस बंद केल्यावर बिया कढईत ठेवू नका. लोखंड पुढची कितीतरी मिनिटं तापलेलं असतं आणि भाजणं चालूच राहतं. परात बाजूला तयार ठेवा आणि लगेच त्यात ओता. "उतरवल्या तेव्हा छान होत्या, जेवण होईपर्यंत काळ्या पडल्या" ही तक्रार याचीच.

### ओटीजीत किंवा ओव्हनमध्ये

मोठ्या खेपेला ओव्हन सोयीचा, कारण सतत ढवळावं लागत नाही. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून १५० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा. बियांना एक छोटा चमचा तेल चोळा. इथे तेल उपयोगी पडतं, कारण बिया कढईसारख्या गरम बुडावर फिरत नसतात आणि तेलामुळे त्या सगळीकडून सारख्या तापतात. ट्रेमध्ये एका थरात पसरा, ट्रे मधल्या खाचेत.

वेळ २५ ते ३५ मिनिटं. दर १० मिनिटांनी ट्रे बाहेर काढून ढवळा आणि आत ठेवताना पुढची बाजू मागे करा. छोट्या ओटीजीत मागचे कोपरे नेहमी आधी करपतात. पंचविसाव्या मिनिटापासून दर ३-४ मिनिटांनी तीन बिया मोडून बघा, वर सांगितल्याप्रमाणेच.

१८०-२०० अंशांवर १२ मिनिटांत होतात असं बरेच जण सांगतात. होतात, पण त्या तापमानाला चांगली बी आणि करपलेली बी यांत दीड-दोन मिनिटांचंच अंतर राहतं, आणि घरगुती ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो. १५० अंशांवर चूक सुधारायला वेळ मिळतो.

## ६. गार करणं आणि मसाला

परातीत ओतलेली गरम बी थोडी मऊच लागते. शेवटचा कुरकुरीतपणा गार होताना येतो, त्यामुळे गरम बी चावून "अजून झाली नाही" असं ठरवू नका. २० मिनिटं पसरलेल्या राहू द्या.

तिखट, जिरेपूड, आमचूर, हिंग यांपैकी काही लावायचं असेल तर बिया कोमट असताना लावा. अर्धा छोटा चमचा तेल हातावर घेऊन बियांना चोळा, त्यावर पूड भुरभुरा आणि परात हलवा. हे भाजतानाच घातलं तर तिखट अर्ध्या मिनिटात काळं पडतं आणि सगळ्या घराला ठसका लागतो. लिंबाचा रस मात्र अजिबात नको, इतक्या कष्टाने काढलेलं पाणी तो परत आत घालतो. आंबटपणासाठी आमचूर आहे. मसाला लावलेल्या बिया आठवड्याभरात संपवा. साध्या खारवलेल्या जास्त टिकतात.

## ७. कलिंगडाच्या बिया असतील तर

पद्धत हीच, फरक चार ठिकाणी. निवडताना फक्त काळ्या किंवा गडद तपकिरी, भरलेल्या बिया घ्या. पांढऱ्या, मऊ बिया न पिकलेल्या असतात, त्यांत काही नसतं. इथे पाण्याची परीक्षा चालते. भरलेल्या बहुतेक बुडतात, वर राहिलेल्या काढून टाका. आणि फळ खाता खाता तोंडातून काढलेल्या बिया जमवू नका. फोडी करतानाच सुरीच्या टोकाने वेगळ्या करा.

टरफल जाड आणि लाकडासारखं असतं, त्यामुळे मिठाच्या पाण्यात १० ऐवजी २० मिनिटं उकळा आणि चार तास तरी मुरू द्या. वाळवताना बाहेरून लवकर कोरड्या दिसतात, त्याला फसू नका. पंख्याखाली पूर्ण रात्र द्याच.

भाजताना रंग उपयोगाचा नाही, टरफल आधीच काळं. कढईत मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, ओटीजीत १५० अंशांवर २० ते २५ मिनिटं. आठव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी बी फोडून मगज बघत राहणं एवढाच उपाय. पांढरा मगज किंचित पिवळसर झाला की उतरवा.

या बियांचं टरफल खायचं नाही. पुढच्या दातांत उभी धरून टोक फोडायची आणि मगज काढायचा. हल्ली बाजारात येणाऱ्या बऱ्याच कलिंगडांच्या बिया इतक्या बारीक असतात की सोलण्याचा त्रास परवडत नाही. बी करंगळीच्या नखाहून लहान असेल तर मी भाजतच नाही.

सावधान: पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात. मोठ्यांनीही भोपळ्याच्या बिया टरफलासकट एका वेळी मूठभरच खाव्यात. टरफलाचा चोथा पचत नाही, आणि जास्त झाला तर पोट घट्ट होतं.

## ८. डब्यात भरणं, आणि मऊ पडल्या तर

बिया पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. हाताला गार लागल्या तरी ढिगाच्या मध्ये बोट घालून बघा. तिथे ऊब असेल तर डब्यात वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळी मेहनत मऊ पडते. काचेची किंवा स्टीलची घट्ट झाकणाची बरणी घ्या, गॅसच्या शेजारच्या फळीवर ठेवू नका. साध्या बिया तीन आठवडे छान राहतात. त्यानंतर त्यांतलं तेल खवट व्हायला लागतं. आधी वासाला जुन्या शेंगदाण्यासारखं लागतं, मग घशाला खवखवतं. खवट बी परत भाजून सुधारत नाही.

नुसत्या मऊ पडल्या असतील, वास चांगला असेल, तर कढईत अगदी मंद आचेवर ४-५ मिनिटं किंवा ओटीजीत १२० अंशांवर ८ मिनिटं ठेवा आणि परातीत गार करा. मसाला लावलेल्यांना हे कढईत करू नका, ओटीजीतच करा, नाहीतर तिखट जळतं. शिळ्या बिया एकदाच अशा सुधारतात. दुसऱ्यांदा मऊ पडल्या तर सोलून मगज चटणीत वाटून टाका, तीळ-खोबऱ्याबरोबर चांगला लागतो.